जोड्या, त्रिकुटं आणि रिकामी घरं



आठवीच्या वर्षी प्रत्येक घरात एक वर्कशीट येतेच. वर ‘स्क्वेअर रूट्स अँड क्यूब रूट्स बाय प्राइम फॅक्टरायझेशन’ असं लिहिलेलं असतं आणि खाली दहा-बारा गणितं असतात. आपल्याकडे बडोद्यात मुलं इंग्रजी नाहीतर गुजराती माध्यमात शिकतात, त्यामुळे आजीला ‘वर्गमूळ’ आणि ‘घनमूळ’ म्हटलं की कळतं आणि नातवंडांना ‘पेअर’ आणि ‘ट्रिपलेट’ म्हटलं की कळतं. गणित मात्र दोघांचं एकच आहे. संख्येचे मूळ अवयव पाडायचे, वर्गमूळ हवं असेल तर सारख्या अवयवांच्या जोड्या लावायच्या, घनमूळ हवं असेल तर त्रिकुटं लावायची, आणि प्रत्येक गटातला एकेक अवयव घेऊन गुणाकार करायचा.

रीत एवढीच आहे आणि ती बहुतेक मुलांना पाठही असते. अडचण नंतर येते. गट बरोबर लागले आहेत की नाही, हे शेवटच्या पानावरची उत्तरं न बघता ओळखायचं कसं? परीक्षेत तर शेवटचं पान नसतंच. आणि या गणितात एक अवयव लिहायचा राहिला, तर उत्तर थोडंसं चुकत नाही. ते सरळ उलटतं. २४ यायचे तिथे ‘ही पूर्ण घन संख्या नाही’ असं वाक्य लिहिलं जातं, आणि ते वाक्य इतकं ठाम दिसतं की लिहिणाऱ्यालाच त्याची शंका येत नाही. म्हणून आज फक्त गट तपासण्याबद्दल बोलू.

जोड्या लावायच्या तरी कशाला?

माझी भाची आठवीत आहे. तिला मी हाच प्रश्न विचारला, तेव्हा ती म्हणाली, “आत्या, टीचरनी तसंच सांगितलंय.” टीचरनी सांगितलेलं बरोबरच आहे, पण कारण कळलं की तपासणं सोपं होतं. म्हणून आम्ही उलट्या बाजूनं सुरुवात केली.

८४ ही संख्या घ्या. तिचे मूळ अवयव २, २, ३ आणि ७. आता ८४ चा वर्ग म्हणजे ८४ गुणिले ८४. मग त्या वर्गाचे अवयव कोणते असणार? पहिल्या ८४ चे चार आणि दुसऱ्या ८४ चे चार, दुसरं काहीच नाही. ते एकाखाली एक लिहून बघा:

२  २  ३  ७
२  २  ३  ७

दोन ओळी आहेत आणि दोन्ही अगदी सारख्या आहेत. वर-खाली बघितलं की प्रत्येक उभ्या रकान्यात एक जोडी दिसते. आडवं वाचलं की प्रत्येक ओळीचा गुणाकार ८४ येतो. वर्गमूळ काढणं म्हणजे विस्कटलेले अवयव पुन्हा अशा दोन सारख्या ओळींत मांडणं. उभ्या रकान्यांना आपण जोड्या म्हणतो आणि आडव्या ओळीला उत्तर म्हणतो.

घनाचंही तसंच आहे. तिथे तीच संख्या तीनदा गुणलेली असते, म्हणून ओळी तीन होतात आणि प्रत्येक रकान्यात तीन सारखे अवयव येतात. तेच आपलं त्रिकूट.

हे चालतं त्याला आणखी एक कारण आहे. कोणतीही संख्या मूळ अवयवांत एकाच प्रकारे मोडते. तुम्ही आधी २ ने भागा किंवा आधी ७ ने भागा, मांडणीचा क्रम बदलेल, पण शेवटी हातात तेच अवयव तितक्याच वेळा येतील. त्यामुळे पूर्ण मोडलेल्या अवयवांतला एखादा एकटा उरला, तर ‘दुसऱ्या रीतीनं मोडून बघू, कदाचित जोडी लागेल’ अशी आशा ठेवायचं कारण नाही. अट एकच: अवयव खरोखर शेवटपर्यंत मोडलेले हवेत. या अटीकडे आपण पुन्हा येणार आहोत.

एक वर्गमूळ, एक घनमूळ

वर्कशीटवरचं एक गणित होतं ७०५६ चं वर्गमूळ. दोनाने भागत गेलो तर ३५२८, १७६४, ८८२ आणि ४४१ असे भागाकार येतात. म्हणजे २ चार वेळा आला. ४४१ विषम आहे, म्हणून दोनाचं काम संपलं. तीनाने भागलं की १४७, पुन्हा तीनाने भागलं की ४९. म्हणजे ३ दोन वेळा. मग ४९ ला सातानं दोनदा भागलं की १ उरतो. आता दोन ओळी काढायच्या आणि अवयव पत्ते वाटल्यासारखे वाटायचे. एक २ वरच्या ओळीत, एक खालच्या. पुन्हा एक वर, एक खाली. मग ३, मग ७. वाटून झालं की वर दाखवलेली मांडणीच तयार होते आणि ओळ वाचली की उत्तर ८४.

दुसरं गणित होतं १३८२४ चं घनमूळ. इथे दोनाने भागत गेलं की ६९१२, ३४५६, १७२८, ८६४, ४३२, २१६, १०८, ५४ आणि २७ असे भागाकार येतात. मोजा, नऊ आहेत. म्हणजे २ नऊ वेळा. मग २७ म्हणजे ३ तीन वेळा. तीन ओळींत वाटू:

२  २  २  ३
२  २  २  ३
२  २  २  ३

ओळ वाचा. दोन दुणे चार, चार दुणे आठ, आठ त्रिक चोवीस. घनमूळ २४.

भाचीच्या कागदावर मात्र या गणितापुढे ‘नॉट अ परफेक्ट क्यूब’ असं लिहिलेलं होतं. तिनं भागाकार सगळे बरोबर केले होते. पण खाली ‘२ × २ × २ × ...’ अशी लांबलचक माळ उतरवताना एक २ गळाला होता. आठच दोन असले की तीन ओळींत वाटताना तीन, तीन आणि दोन असे पडतात आणि एक घर रिकामं राहतं. तिच्या मांडणीत त्रिकुटं नियमानुसारच लागली होती, उरलेली जोडीही दिसत होती आणि निष्कर्षही त्या माळेपुरता बरोबर होता. माळच दुसऱ्या संख्येची होती.

ही चूक पकडायला एक सोपी सवय पुरते. गट लावून झाले की गटांचाच गुणाकार करायचा आणि मूळ संख्या परत येते का ते बघायचं. सगळे बारा अवयव एकेक करून गुणायची गरज नाही. दोनांचं प्रत्येक त्रिकूट म्हणजे ८ आणि तीनांचं त्रिकूट म्हणजे २७. आठ आठे चौसष्ट, चौसष्ट आठे ५१२, आणि ५१२ गुणिले २७ बरोबर १३८२४. संख्या परत आली, म्हणजे काही गळलं नाही. भाचीच्या माळेत दोनांची दोन त्रिकुटं, एक जोडी आणि तीनांचं त्रिकूट होतं. ६४ गुणिले ४ गुणिले २७ केलं तर ६९१२ येतात. हा १३८२४ च्या बरोबर निम्मा आकडा आहे, म्हणजे एक २ हरवलाय हे तो आकडाच सांगतो. दुसरा एखादा अवयव गळला असता, तर तितक्या पटीचा फरक दिसला असता. चूक आहे एवढंच या तपासणीनं कळतं असं नाही, कुठला अवयव हरवला तेही कळतं.

माळ लिहिताना ती गळू नये म्हणून मी मुलांना सांगते की एका अवयवाचं भागणं संपलं की लगेच शेजारी मोजून आकडा लिहा: ‘२ नऊ वेळा’. नऊला तीनाने भाग जातो का? जातो, तीन येतात. म्हणजे प्रत्येक ओळीत तीन दोन. घातांक शिकलेल्या मुलांच्या लक्षात येईल की आपण घातांकाला वर्गमूळासाठी दोनाने आणि घनमूळासाठी तीनाने भागतोय. भाग पूर्ण गेला की गट पूर्ण. पण प्रत्येक मूळ संख्येची मोजणी वेगळी ठेवायची. एक २ उरलाय आणि एक ३ उरलाय, म्हणून त्या दोघांची जोडी लावायची नाही. दोन्ही ओळी सारख्या हव्यात, आणि एका ओळीत २ आणि दुसरीत ३ असतील तर त्या सारख्या होणारच नाहीत.

तीन जोड्या की दोन त्रिकुटं?

वर्गमूळाची दहा गणितं झाल्यावर घनमूळाचं पहिलं गणित आलं की हात सवयीनं जोड्याच लावतो. ६४ हे या गोंधळाचं नेहमीचं ठिकाण आहे. ६४ म्हणजे २ सहा वेळा. सहाच्या तीन जोड्या लागतात आणि दोन त्रिकुटंही लागतात, म्हणून काहीही केलं तरी मागे उरत नाही आणि चूक झाल्याचं काहीच दिसत नाही. त्यात घनमूळात ‘तीन’ असतं हे डोक्यात असतं, म्हणून मूल तीन गट करतं. दोन-दोनांचे तीन गट. प्रत्येकातला एक घेतला की उत्तर ८.

आठ हे ६४ चं वर्गमूळ आहे. घनमूळ ४ आहे. तपासायला आठचा घन करा, ५१२ येतात. चाराचा घन करा, ६४ येतात.

इथे ओळींची मांडणी फार उपयोगी पडते, कारण तिच्यात ‘तीन’ हा आकडा नेमका कशाचा हे डोळ्यांना दिसतं. घनमूळ हवंय, म्हणून ओळी तीन. सहा दोन वाटले की प्रत्येक ओळीत दोन येतात:

२  २
२  २
२  २

आडवी ओळ वाचा, चार. उभे रकाने मोजा, प्रत्येकात तीन दोन आहेत, म्हणजे दोन त्रिकुटं. तीन हा प्रत्येक गटाचा आकार आहे, गटांची संख्या नव्हे. गट किती पडतील ते ज्या त्या संख्येवर अवलंबून असतं.

ज्यांना दोन्ही प्रकार एकाच संख्येवर करून बघायचे असतील त्यांनी ४६६५६ घ्यावी. तिच्यात २ सहा वेळा आहे आणि ३ सुद्धा सहा वेळा. दोन ओळींत वाटली तर प्रत्येक ओळीत तीन दोन आणि तीन तीन येतात, म्हणजे २१६. तीन ओळींत वाटली तर दोन दोन आणि दोन तीन, म्हणजे ३६. वर्गमूळ २१६ आणि घनमूळ ३६, दोन्ही पूर्ण.

एकटा दिसतो, पण एकटा नसतो

आता त्या अटीकडे येऊ: अवयव शेवटपर्यंत मोडलेले हवेत. हल्ली मुलं शिडीऐवजी फांद्यांचं झाडही काढतात. ३२४ खाली ४ आणि ८१ अशा दोन फांद्या, ८१ खाली ९ आणि ९. झाड छान दिसतं आणि तिथेच थांबतं. मग ४ × ९ × ९ असं लिहून नवांची जोडी लावली जाते, ४ एकटा उरतो आणि ‘पूर्ण वर्ग नाही’ असं उत्तर येतं.

खरं तर चाराच्या आत दोनाची जोडी लपलेली आहे. पूर्ण मोडलं तर २ दोन वेळा आणि ३ चार वेळा येतात, आणि वर्गमूळ १८ मिळतं.

यात एक गंमत लक्षात घ्या. नऊ सुद्धा मोडलेला नव्हता, पण त्यानं काही बिघडलं नाही, कारण दोन्ही ओळींत एकेक नऊ गेला होता. न मोडलेल्या संख्येची जोडी लागली तर वर्गमूळाच्या गणितात चालून जातं. ती एकटी उरली तरच फसवते. दोन संख्याही मिळून फसवू शकतात. १४४ ला ६ आणि २४ असं लिहिलं तर दोघेही एकटे दिसतात, आणि तरी १४४ ही बाराचा वर्ग आहे.

म्हणून ‘पूर्ण वर्ग नाही’ किंवा ‘पूर्ण घन नाही’ असं लिहिण्यापूर्वी उरलेल्या प्रत्येक संख्येला विचारायचं: तू खरंच मूळ संख्या आहेस का? ४, ६, ९ सहज ओळखू येतात. ५१, ५७ आणि ९१ यांच्यापासून मात्र सावध राहा. त्या मूळ संख्यांसारख्या दिसतात, पण ५१ म्हणजे ३ × १७, ५७ म्हणजे ३ × १९ आणि ९१ म्हणजे ७ × १३. भागाकाराची शिडी असेल तर २, ३, ५, ७ असं चढत्या क्रमानं जायचं आणि खाली १ येईपर्यंत थांबायचं नाही. त्या क्रमानं गेलं की न मोडलेली संख्या मागे राहतच नाही.

रिकामं घर भरायचं की रकाना पुसायचा?

वर्कशीटच्या शेवटी एक वेगळा प्रश्न असतो: ‘लहानात लहान कोणत्या संख्येनं गुणलं असता पूर्ण वर्ग मिळेल?’ आणि त्याच्या खाली ‘कोणत्या संख्येनं भागलं असता?’ सगळ्यात जास्त गुण इथेच जातात, म्हणून इथे थोडं थांबू.

२३५२ घ्या. २ चार वेळा, ३ एकदा, ७ दोन वेळा. दोन ओळी मांडा आणि रिकामं घर चौकोनानं दाखवा:

२  २  ३  ७
२  २  □  ७

गुणणं म्हणजे रिकामं घर भरणं. तिथे ३ हवा. २३५२ गुणिले ३ बरोबर ७०५६, वर्गमूळ ८४. भागणं म्हणजे तो अर्धवट रकानाच पुसणं. त्यातही ३ आहे. २३५२ भागिले ३ बरोबर ७८४, वर्गमूळ २८. दोन्हीकडे उत्तर ३.

हे नेहमी असंच होतं. दोन ओळींच्या मांडणीत अर्धवट रकाना म्हणजे एक घर भरलेलं आणि एक रिकामं, त्यामुळे भरायला जितकं लागतं तितकंच पुसायला लागतं. चार-पाच गणितांत हे दिसलं की मुलांच्या मनात पक्कं बसतं: गुणायची संख्या आणि भागायची संख्या एकच. मग घनाचं गणित येतं आणि तिथे हा ठोकताळा पडतो.

६७५ म्हणजे ३ तीन वेळा आणि ५ दोन वेळा. तीन ओळी:

३  ५
३  ५
३  □

घर भरायला एक ५ पुरतो. ६७५ गुणिले ५ बरोबर ३३७५, घनमूळ १५. पण पुसायचं असेल तर दोन पाच पुसावे लागतात, म्हणजे २५ ने भागावं लागतं. ६७५ भागिले २५ बरोबर २७, घनमूळ ३. गुणायला ५ आणि भागायला २५.

आता ८६४० बघा. २ सहा वेळा, ३ तीन वेळा, ५ एकदा:

२  २  ३  ५
२  २  ३  □
२  २  ३  □

इथे उलट झालं. भरायची घरं दोन आहेत, म्हणून २५ ने गुणायचं. २,१६,००० मिळतात आणि घनमूळ ६०. पुसायचा मात्र एकच ५. ८६४० भागिले ५ बरोबर १७२८, घनमूळ १२. गुणायला २५ आणि भागायला ५.

भाचीनं ही दोन गणितं शेजारी शेजारी मांडली, थोडा वेळ बघितलं आणि म्हणाली, “म्हणजे एक उरला तर दोन आणायचे, दोन उरले तर एक आणायचा. आणि काढायचं असेल तर जेवढे आहेत तेवढेच काढायचे.” मला याहून सोपं सांगता आलं नसतं.

याच प्रश्नात आणखी एक चूक होते, ती म्हणजे उरलेला अवयवच डोळे झाकून उत्तर म्हणून लिहिणं. घनाच्या गणितात उरलेला अवयव हे भागायचं उत्तर असतं. गुणायचं उत्तर रिकाम्या घरांत असतं. प्रश्नात ‘गुणलं’ आहे की ‘भागलं’ आहे त्या शब्दाखाली रेघ ओढून मगच मांडणीकडे बघा.

दुसऱ्या वाटेनं तपासणी

माझ्या नोकरीत दिवसाचा बराच वेळ तपासण्यात जातो. प्रोग्रॅमनं दिलेलं उत्तर त्याच प्रोग्रॅमनं पुन्हा तपासलं तर चूक सापडत नाही, कारण दोन्ही वेळा ती त्याच वळणावर होते. उत्तर वेगळ्या वाटेनं तपासावं लागतं. या वर्कशीटसाठी अशी एक वाट आहे आणि तिला अवयव लागतच नाहीत.

१३८२४ चा शेवटचा अंक ४ आहे. घन करताना शेवटचा अंक ठरलेल्या पद्धतीनं बदलतो: ०, १, ४, ५, ६ आणि ९ तसेच राहतात, २ चा ८ होतो आणि ८ चा २, ३ चा ७ होतो आणि ७ चा ३. म्हणजे घनाचा शेवटचा अंक ४ असेल तर घनमूळाचाही ४. आता आकाराकडे बघा. २० चा घन ८००० आणि ३० चा घन २७०००. आपली संख्या या दोघांच्या मध्ये आहे, म्हणजे घनमूळ वीस ते तीसमध्ये आणि शेवट ४. चोवीसशिवाय दुसरं कोणी नाही. भाचीनं ‘पूर्ण घन नाही’ लिहिल्यावर २४ चा घन करून बघितला असता, तर चूक तिथेच दिसली असती.

वर्गमूळात शेवटच्या अंकावरून दोन पर्याय उरतात. ७०५६ चा शेवट ६, म्हणून वर्गमूळाचा शेवट ४ किंवा ६. आणि ८० चा वर्ग ६४००, ९० चा ८१००, म्हणून उत्तर ८४ किंवा ८६. ८५ चा वर्ग ७२२५ होतो आणि ७०५६ त्याहून कमी आहे, म्हणून ८४. शिवाय संख्येच्या शेवटी २, ३, ७ किंवा ८ असेल तर ती पूर्ण वर्ग असूच शकत नाही. तिथे सगळ्या जोड्या पूर्ण लागल्या असतील, तर नक्कीच कुठेतरी अवयव उतरवताना घोटाळा झालाय.

या वाटेची मर्यादाही सांगायला हवी. ती ‘असलं तर कोणतं’ एवढंच सांगते, ‘आहे की नाही’ हे सांगत नाही. १३८३४ चाही शेवट ४ आहे आणि तीही २० आणि ३० च्या घनांमध्येच आहे, पण ती कोणाचाच घन नाही. म्हणून अंदाज आला तरी शेवटी घन करून बघायचाच. आणि वर्कशीटवर फक्त अंदाज लिहिला तर पायऱ्यांचे गुण मिळणार नाहीत. अवयव कागदावर आणि अंदाज समासात, अशी विभागणी ठेवा.

अवयवांच्या रीतीलाही मर्यादा आहे. १०६०९ ही १०३ चा वर्ग आहे, पण १०३ ही स्वतःच मूळ संख्या असल्यामुळे शिडीनं जाणाऱ्याला २ पासून १०१ पर्यंतच्या सगळ्या २६ मूळ संख्यांनी भागून बघावं लागेल आणि एकानंही भाग जाणार नाही. अशा संख्येला, किंवा जी पूर्ण वर्ग नाहीच तिचं दशांशात वर्गमूळ काढायला, अंकांचे गट पाडून करायची भागाकाराची रीत आहे. आर्यभटानं इ.स. ४९९ मध्ये ‘आर्यभटीया’त वर्गमूळ आणि घनमूळ दोन्हींसाठी अंकांवरून जाणाऱ्या रीती दिल्या आहेत. त्यांत अवयव पाडावे लागत नाहीत. तुमच्या घरी आजोबांना वर्गमूळ काढायला सांगितलंत, तर ते बहुधा अवयव न पाडता दोन-दोन अंकांवर टिंबं देऊ लागतील. त्यांची रीत तीच.

पुढच्या अंकापर्यंत

या वेळी एकच संख्या देते: ५२९२. तिच्यासाठी चार उत्तरं काढा. लहानात लहान कोणत्या संख्येनं गुणलं तर पूर्ण वर्ग मिळेल, कोणत्या संख्येनं भागलं तर पूर्ण वर्ग मिळेल, आणि हेच दोन प्रश्न पूर्ण घनासाठी. आधी दोन ओळींची मांडणी करा, मग तीन ओळींची, आणि रिकामी घरं चौकोनानं दाखवा. एक धागा देऊन ठेवते: गुणून मिळालेल्या वर्गाचं वर्गमूळ आणि गुणून मिळालेल्या घनाचं घनमूळ सारखं येणार नाही, पण भागून मिळालेल्या वर्गाचं वर्गमूळ आणि गुणून मिळालेल्या घनाचं घनमूळ मात्र एकच येईल. तसं आलं नाही, तर कुठल्या तरी रकान्यात एक घर चुकलंय. ते शोधा, आणि मांडणीचा फोटो मंडळाकडे पाठवा.